साठे आणि ओघ : कर्बचक्र व हरितगृह परिणाम यांच्या चित्रांचा आढावा

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेचा निकाल देताना पर्यावरणाचे शिक्षण सर्व विद्यार्थ्यांस आवश्यक ठरविले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी त्याचा समान अभ्यासक्रम आखला, तेव्हापासून कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांतील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढून दोन स्लाईड हटकून जातात. पहिलीवर एक झाड, एक गाय, एक धुराडे आणि थोडा समुद्र यांच्याभोवती बाणांचे कडे फिरविलेले असते आणि खाली ‘कर्बचक्र’ असे लिहिलेले असते. दुसरीवर पृथ्वीच्या गोलावर काचेचे झाकण ठेवून सूर्याचे पिवळे किरण आत शिरताना व तांबडे किरण काचेवर आपटून परत येताना दाखविलेले असतात. मी अशी चित्रे गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे, काही स्वतः काढून शिकविलीही आहेत. आणि माझे मत असे बनले आहे की, या दोन्ही चित्रांतील बहुतेक घोटाळे एकाच मुळापासून निघतात. किती साठले आहे आणि किती वाहते आहे हा भेद चित्र काढणाऱ्याने मनात ठेवलेला नसतो, म्हणून तो पाहणाऱ्याच्याही मनात उतरत नाही.

प्रथम कर्बचक्राची स्लाईड घेऊ. चौकटींत आकडे असतात आणि बाणांवरही आकडे असतात, आणि दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असतात. औद्योगिक युगापूर्वी वातावरणात कर्बवायूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, रूपाने सुमारे 590 अब्ज टन कर्ब होता. आज तो 880 अब्ज टनांच्या पुढे गेला आहे. जमिनीवरील वनस्पतींत सुमारे 450, मातीत त्याच्या तिप्पट-चौपट, आणि समुद्रात अडतीस हजार अब्ज टनांच्या आसपास कर्ब आहे. हे सारे साठ्यांचे आकडे झाले. उलटपक्षी, प्रकाशसंश्लेषणाने वनस्पती वातावरणातून घेतात तो कर्ब 120 अब्ज टनांहून थोडा अधिक असतो, पण तो दर वर्षी. आणि समुद्राचा पृष्ठभाग व हवा यांच्यामध्ये दोन्ही दिशांनी सुमारे ऐंशी-ऐंशी अब्ज टनांची देवघेव चालते, तीही दर वर्षी. पहिल्या आकड्यांना काळाचे माप लागत नाही, दुसऱ्यांचा त्यावाचून काही अर्थच होत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास हे समजावून सांगण्यास फारसे श्रम पडत नाहीत, असा माझा अनुभव आहे, कारण ताळेबंद हा एका विशिष्ट तारखेचा असतो आणि जमाखर्च हा एका मुदतीचा असतो ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडलेली असते. विज्ञानाचा विद्यार्थीच येथे अधिक वेळा अडखळतो.

मापाचा दुसरा एक घोटाळा याच चौकटींत दडलेला असतो. काही ग्रंथ कर्बाचे वजन देतात, काही कर्बवायूचे. आणि बारा भाग कर्बापासून चव्वेचाळीस भाग कर्बवायू होत असल्यामुळे दुसरा आकडा पहिल्याच्या 3.67 पट भरतो. दोन निरनिराळ्या पुस्तकांतून आकडे उचलून एकच स्लाईड तयार केली, म्हणजे साठे एका मापात आणि धुराड्याचा बाण दुसऱ्या मापात पडतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : जगातील कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांच्यामुळे बाहेर पडणारा कर्ब वर्षाला दहा अब्ज टनांच्या आसपास आहे, म्हणून धुराड्यावरच्या बाणावर छत्तीस-सदतीस असा आकडा दिसला की तो कर्बवायूच्या वजनाचा समजावा आणि चौकटीतल्या आकड्यांशी त्याची बेरीज-वजाबाकी करू नये.

आता ज्या आक्षेपामुळे या स्लाईडवर वर्गात हमखास खल होतो, तो पाहू. झाडे, प्राणी, जमीन आणि समुद्र मिळून वर्षाला दोनशे अब्ज टनांच्या घरात कर्ब हवेत सोडतात. मनुष्य त्यात दहा-अकरा अब्ज टनांची भर घालतो. मग विसाव्या हिश्शाने एवढा काय अनर्थ होणार, असे विद्यार्थी विचारतो, आणि प्रश्न अगदी रास्त असतो. इंग्रजी पुस्तकांत येथे न्हाणीघरातल्या टबाचा दाखला देतात. परंतु आपल्याकडे त्याहून चांगला दाखला आहे. पेशवेकाळी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पुणे शहरात पाणी आणून ते जागोजागच्या हौदांत सोडलेले होते. अशा एखाद्या हौदात रोज दोनशे घागरी पाणी येते आणि पेठेतली माणसे रोज दोनशे घागरी भरून नेतात अशी कल्पना केली, तर दिवसभर वर्दळ कितीही असो, पाण्याची पातळी आहे तेथेच राहील. आता कोणी रोज दहा घागरी बाहेरून आणून हौदात ओतू लागला आणि उपसा मात्र तेवढाच राहिला, तर पातळी रोज दहा घागरींनी वाढेल, आणि ती वाढ दोनशेच्या वर्दळीशी नव्हे, तर येणे व जाणे यांच्या अंतराशी बांधलेली असेल. आवक-जावक कितीही मोठी असली तरी शिल्लक वाढते ती केवळ दोहोंतल्या फरकाने.

प्रत्यक्ष हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा, पण अधिक उद्बोधक आहे, कारण हौदाची पातळी चढली की उपसाही काहीसा वाढतो. ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील संशोधक दर वर्षी हा जमाखर्च मांडतात. 2013 ते 2022 या दशकाची त्यांची वार्षिक सरासरी घेतली, तर खनिज इंधने व सिमेंट यांतून सुमारे 9.6 आणि जंगलतोड व जमिनीच्या वापरातील फेरबदल यांतून सुमारे 1.3, अशी एकंदर 10.9 अब्ज टन कर्बाची जादा आवक होती. त्यापैकी समुद्राने सुमारे 2.8 आणि जमिनीवरील वनस्पती व माती यांनी सुमारे 3.3 अब्ज टन उचलले. म्हणजे हवेत 4.8 उरावयास हवे होते. मोजमापात मात्र वाढ 5.2 आढळली. हा 0.4 चा फरक कोणत्याही खात्यात बसत नाही, आणि तो झाकून न ठेवता ‘ताळा न जुळलेली रक्कम’ म्हणून स्पष्ट नोंदविला जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो आकडा स्लाईडवर अवश्य असावा. कारण समुद्राची आणि जमिनीची उचल थेट मोजणे किती अवघड आहे आणि हवेतील शिल्लक मोजणे त्या मानाने किती खात्रीचे आहे, हे त्या एका आकड्यावरून कळते.

हवेतील शिल्लक खात्रीची आहे, कारण हवा सतत ढवळली जाते आणि योग्य जागा निवडली तर एका ठिकाणचे माप साऱ्या गोलार्धाच्या वतीने बोलते. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दशलक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे 315 भाग होते. आज ते 420 च्या वर आहेत. अशा एका भागाचे वजन सुमारे 2.12 अब्ज टन कर्ब भरते, तेव्हा वरचे 5.2 अब्ज टन म्हणजे वर्षाला अडीच भागांची वाढ होय. कीलिंगच्या आलेखात या चढत्या रेषेवर करवतीचे दातेही आहेत, कारण उत्तर गोलार्धातील अरण्ये उन्हाळ्यात कर्ब घेतात आणि हिवाळ्यात सोडतात. मोठी वर्दळ आणि लहान शिल्लक या दोन्ही गोष्टी त्या एकाच रेघेत डोळ्यांना दिसतात. जागेची निवड किती महत्त्वाची आहे, हे आपल्याकडच्या नोंदींवरूनही समजते : गोव्यातील काबो द राम येथे 1993 पासून काही वर्षे हवेचे नमुने कुप्यांत भरून घेतले जात, आणि पुढे सिंहगडावरही अशी मोजणी झाली. या पश्चिम किनारपट्टीवर पावसाळ्यात समुद्रावरून आलेली हवा असते आणि हिवाळ्यात देशाच्या अंतर्भागातून वाहत आलेली. तेव्हा त्याच जागी घेतलेला आषाढातला नमुना अरबी समुद्रापलीकडची वार्ता सांगतो, आणि पौषातला नमुना आपल्याच शेतांची व शहरांची.

साठा आणि ओघ यांचा भेद न उमगल्याने होणारी सर्वांत मोठी चूक मात्र पुढेच आहे. जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी या संशोधकांनी अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर असा प्रश्न ठेवला होता : हवेतील कर्बवायूची पातळी हळूहळू वाढून स्थिर व्हावयाची असेल, तर उत्सर्जनाची रेषा कशी काढाल? 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, गणितात तरबेज असलेल्या या तरुणांपैकी बहुसंख्यांनी उत्सर्जनाची रेषाही तशीच, म्हणजे थोडी वाढून स्थिर झालेली, काढली. हौदाच्या भाषेत याचा अर्थ असा की, रोजच्या दहा जादा घागरींच्या बारा न होता दहाच राहिल्या तर पातळी चढावयाची थांबेल, असे त्यांनी धरले. प्रत्यक्षात जोवर ओतणे उपशाहून अधिक आहे, तोवर पातळी चढतच राहते. ओतणे स्थिर झाल्याने फक्त चढण्याची गती मर्यादेत राहते.

याचा पडताळा साऱ्या जगाने 2020 साली घेतला. साथीच्या टाळेबंदीमुळे त्या वर्षी खनिज इंधनांचे उत्सर्जन पाच टक्क्यांच्या आसपास घटले, आकाश निवळलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि तरीही मौना लोआच्या नोंदीत कर्बवायू नेहमीसारखाच वाढला. अनेकांना यात काहीतरी लबाडी असल्याचा संशय आला. हिशेब करून पाहावा : दहा अब्ज टनांचे पाच टक्के म्हणजे अर्धा अब्ज टन, म्हणजे दर दशलक्षात पाव भाग, आणि प्रशांत महासागरातील उष्ण-शीत प्रवाहांच्या फेऱ्यामुळे अरण्यांची उचल एका वर्षातून दुसऱ्या वर्षात याच्या कित्येक पट कमीअधिक होत असते. अडीच भागांच्या वाढीतून पाव भाग कमी झाला असता, तो त्या चढउतारात दिसणार तरी कसा? आकाशातला धूर दिसेनासा झाला, कारण धुराचे कण दिवसांत-आठवड्यांत खाली बसतात, त्यांचा साठा ओघाबरोबरच आटतो. कर्बवायूचा साठा तसा नाही.

आता दुसऱ्या स्लाईडकडे वळतो, आणि येथे मी वाचकास एक विनंती करीन की, काचेचे झाकण क्षणभर बाजूला ठेवावे. काचगृह उबदार राहते ते प्रामुख्याने आतील तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून, आर. डब्ल्यू. वुड या भौतिकशास्त्रज्ञाने 1909 सालीच तसा प्रयोग करून दाखविला होता. वातावरणाचे कार्य निराळे आहे, आणि ‘किरण अडकतात’ या शब्दप्रयोगाने ते कळत नाही, कारण उष्णता कोठेही कायमची अडकून राहत नाही. ती कर्बासारखी फिरून येत नाही. ती सूर्याकडून येते, काही काळ येथे राहते आणि अवकाशात निघून जाते. म्हणून पहिल्या स्लाईडवर बाणांचे कडे योग्य असले तरी दुसरीवर ते असता कामा नये. तेथे एक दार आत उघडणारे आणि एक बाहेर उघडणारे, एवढेच हवे.

सूर्याची जी शक्ती पृथ्वी शोषून घेते ती सरासरीने दर चौरस मीटरला 240 वॅट भरते, आणि समतोल राखावयाचा तर तेवढीच शक्ती अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर जावयास हवी. ती उणे 18 अंश सेल्सिअस तपमानाच्या पृष्ठभागावरून गेली असती. परंतु भूपृष्ठाचे सरासरी तपमान तर 15 अंशांच्या आसपास आहे. हे 33 अंशांचे अंतर कोठून आले? अवरक्त किरण भूपृष्ठावरून थेट अवकाशात जात नाहीत. पाण्याची वाफ आणि कर्बवायू ते शोषतात, पुन्हा सर्व दिशांना सोडतात, आणि अशा हस्तांतरानंतर जेथे वरची हवा इतकी विरळ होते की सोडलेला किरण अडथळ्यावाचून निसटू शकतो, त्या उंचीवरूनच सरासरीने पृथ्वीची उष्णता बाहेर पडते. हवेत वर जाताना तपमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते; 33 ला साडेसहाने भागले की ही उंची पाच किलोमीटरच्या जवळपास निघते. आता कर्बवायू वाढविला म्हणजे काय होते? निसटण्याची ती पातळी आणखी वर सरकते, वर अधिक थंडी असते, थंड हवा कमी उष्णता सोडते, आणि बाहेरचे दार तेवढ्यापुरते अरुंद होते. आवक 240 च राहते, जावक तिच्याहून कमी पडते. फरक साठत जातो, सारे वातावरण व भूपृष्ठ तापू लागते, आणि तापलेल्या पृथ्वीचा दाब त्या अरुंद दारातूनही पुन्हा 240 वॅट बाहेर ढकलू लागेपर्यंत हे चालते.

या पद्धतीने चित्र मांडले म्हणजे एका जुन्या आक्षेपाचेही निराकरण होते. क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी 1900 साली असे म्हटले होते की, कर्बवायू आपल्या वाट्याचे किरण आधीच पूर्णपणे शोषतो, तेव्हा त्यात भर पडून अधिक काय शोषणार? काचेच्या झाकणाची उपमा धरून बसले, तर या प्रश्नाला उत्तर नाही. कारण अपारदर्शक काच आणखी जाड केली तरी ती अपारदर्शकच राहते. परंतु बाहेर पडण्याच्या उंचीचा विचार केला की, खालचे थर संपृक्त असोत वा नसोत, वरच्या विरळ थरांत पडलेली भर ती उंची वाढवितेच, हे ध्यानात येते.

विद्यार्थ्यांस या स्लाईडवर आणखी एक गोष्ट खटकते. भूपृष्ठाला सूर्याकडून 160 वॅट मिळतात असे लिहिलेले असते आणि तेच भूपृष्ठ 398 वॅट वर सोडते असेही लिहिलेले असते. मिळकतीहून खर्च अधिक, मग हे दिवाळे कसे निघत नाही? उत्तर पूर्ण खतावणीत आहे. वातावरण भूपृष्ठाकडे सुमारे 342 वॅट परत पाठविते, म्हणजे एकूण जमा 502. खर्चाच्या बाजूला 398 चे किरण, बाष्पीभवनात गेलेले 82 आणि तापलेल्या हवेबरोबर वर गेलेले 21, असे 501. अरण्य आणि हवा यांची देवघेव जशी धुराड्यांच्या आवकेहून कितीतरी मोठी असते, तशीच भूपृष्ठ आणि वातावरण यांची अंतर्गत देवघेव सूर्याच्या मूळ आवकेहून मोठी आहे. आणि येथेही निर्णायक ठरतो तो शेवटचा बारीक फरक. अलीकडच्या काळात तो एका वॅटहून थोडा कमी आहे. त्या शिलकेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग समुद्रात मुरतो, आणि समुद्र हा उष्णतेचा इतका विशाल हौद आहे की त्याची पातळी चढावयास दशके आणि शतके लागतात.

दोन्ही स्लाईडचा सांधा हा असा आहे. एकीवर कर्बाचा साठा, दुसरीवर उष्णतेचा साठा. आणि पहिल्या साठ्याची पातळी ही दुसऱ्या साठ्याच्या बाहेरच्या दाराची रुंदी ठरविते. वर्षाचे उत्सर्जन ते दार ठरवीत नाही, हवेतील एकूण शिल्लक ठरविते. तेव्हा उरतो तो प्रश्न एवढाच की, ती शिल्लक किती काळ टिकते.

येथे एक फसवा भागाकार पुष्कळांना चकवितो. हवेत 880 अब्ज टन आणि वर्षाची उलाढाल दोनशेच्या वर, म्हणजे चार वर्षांत सारा जादा कर्ब निघून जाईल, असे हिशेब मी छापलेलेही पाहिले आहेत. चार वर्षांचा आकडा खरा आहे, पण तो एका कणाच्या मुक्कामाचा आहे. पेढीच्या तिजोरीतली नाणी आठवड्याभरात सगळी बदलली, तरी तिजोरीतली रक्कम तेवढीच असू शकते. पानात गेलेल्या कणाच्या जागी कुजलेल्या पानातून दुसरा कण येतोच. जादा कर्ब प्रथम वनस्पती, माती आणि समुद्राचा वरचा थर यांच्यात वाटला जातो. मग समुद्राच्या तळाशी पोहोचण्यास शतके लागतात, आणि शिवाय जसजसा कर्ब विरघळतो तसतशी समुद्रजलाची तो घेण्याची रासायनिक शक्ती कमी होत जाते, हे रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी 1957 साली दाखविले. एवढी सगळी वाटणी झाल्यावरही सहस्र वर्षांनंतर मूळ भरीचा एक लक्षणीय हिस्सा, उत्सर्जन किती झाले त्यावर अवलंबून सुमारे पंधरा ते चाळीस टक्के, हवेतच राहतो.

ही सारी वाटणी एका कुटुंबातल्या खात्यांमधली झाली. कुटुंबाबाहेर, म्हणजे परत खडकात, कर्ब कायमचा जातो तो पावसाने खडक झिजून, नद्यांवाटे समुद्रात उतरून व तळाशी चुनखडीच्या रूपाने बसून. आणि या वाटेने झिजणारे खडक हवेतून वर्षाला सुमारे 0.3 अब्ज टन कर्ब घेतात. कोळसा आणि तेल ज्या संथ खात्यात कोट्यवधी वर्षे पडून होते, त्या खात्यात परत भरणा करणारी निसर्गाची ही मुख्य वाट आहे, आणि तिच्यावरचा ओघ धुराड्याच्या ओघाच्या तिसाव्या हिश्शाएवढा आहे. स्लाईड सुटसुटीत दिसावी म्हणून बहुतेक जण हाच बाण प्रथम पुसून टाकतात. ज्यांना हा विषय शिकवावयाचा आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, गाय काढून टाकावी, काचेचे झाकण काढून टाकावे, पण ही बारीक रेघ तिच्या आकड्यासह आणि ‘दर वर्षी’ या दोन शब्दांसह पडद्यावर ठेवावी.